नाण्याचे छायाचित्र आणि पाठचिकित्सा

साहित्याच्या विद्यार्थ्याला हस्तलिखिताविषयी एक गोष्ट प्रथम शिकवली जाते. दोन पोथ्यांत बरोबर असलेले शब्द जुळले, तर त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. दोहोंत एकाच ठिकाणी एकच चूक आढळली, तर मात्र त्या एकाच मूळ पोथीवरून उतरल्या असल्याचा संशय बळावतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेत वि. स. सुकथनकर यांनी महाभारताच्या आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तेव्हा शेकडो पोथ्यांची कुळे ठरवताना पाठांच्या अशाच साम्यभेदांचा आधार घेतला गेला. ही शिस्त आपण वर्गात शिकवतो आणि परीक्षेपुरती लक्षातही ठेवतो. पण हातातल्या मोबाइलवर ‘शिवकालीन सोन्याचा होन, विकणे आहे’ अशा मजकुराखाली चार छायाचित्रे आली की ती शिस्त आपल्याला आठवत नाही. छायाचित्र हाही एक पाठ आहे, आणि त्याची चिकित्सा न करता त्यावर विश्वास ठेवणे ही निरक्षरताच आहे, असे माझे मत आहे.

होनाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडले जाणारे हे छोटे सुवर्णनाणे आहे. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपती’ ही अक्षरे असतात. वजन सुमारे पावणेतीन ते तीन ग्रॅम आणि व्यास सुमारे तेरा मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा असतो. अस्सल होन अतिशय दुर्मीळ आहेत. त्यांच्या प्रतिकृती मात्र स्मरणवस्तू म्हणून उघडपणे बनतात आणि विकल्या जातात. त्यात गैर काही नाही. प्रतिकृती स्वतःला मूळ म्हणवू लागते, तेथून गैर सुरू होते.

हे नाणे यंत्रावर पाडलेले नाही. सोन्याची चकती एका ठशावर ठेवून वरून दुसरा ठसा हातोड्याने ठोकला जाई. चकती ठशाच्या नेमकी मध्यावर बसेलच असे नव्हते. म्हणून एका नाण्यावर ‘श्री’चा वरचा भाग कापला जातो, तर दुसऱ्यावर कडेच्या ठिपक्यांची रांग एकाच बाजूला दिसते. चकतीची कड कुठे फाटते, तर कुठे चपटी होते. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. एकाच राजाच्या आज्ञेने हे काम झाले, तरी प्रत्येक नाण्यावर नवे चिन्ह वेगळ्या जागी आणि वेगळ्या कोनात पडले आहे. हाताने पाडलेल्या नाण्यांचा हा स्वभाव आहे. एका ठशाची दोन नाणी म्हणजे एकाच आवृत्तीच्या दोन प्रती असतात. त्यांची अक्षरे जुळतील, पण कडा जुळणार नाहीत. अक्षरांबरोबर कडेची चीर आणि मध्याची चूकही जुळली, तर निष्कर्ष दोनच निघतात. एकतर ते एकाच नाण्याचे छायाचित्र आहे, किंवा एका नाण्यावरून साचा घेऊन ओतलेली ती पिलावळ आहे.

आता एक उदाहरण तपशिलाने पाहू. पाचोऱ्यातील एका शिक्षकमित्राकडे गेल्या वर्षी असाच एक होन विक्रीच्या मजकुरासह पोहोचला. विकत घेण्याइतके पैसे त्यांच्याकडे नव्हते. पण ‘आपल्या परिसरात शिवकालीन होन सापडला’ अशी ओळ घालून ते छायाचित्र शाळेच्या स्मरणिकेत छापावे, असे त्यांच्या मनात होते. चित्रे चार होती. दोन चित्रांत नाण्याची पुढची आणि मागची बाजू होती, तिसऱ्यात नाणे तळहातावर होते आणि चौथ्यात एका रुपयाच्या नाण्याशेजारी. खाली ‘वजन २.८ ग्रॅम, शेतात सापडलेले’ असे लिहिले होते.

प्रथम मापाचे पाहू. शेजारी रुपया ठेवला की माप मिळाले असे आपण समजतो. पण रुपया म्हणजे कोणता रुपया? १९९२ पासून चाललेला रुपया पंचवीस मिलिमीटर व्यासाचा होता. २०११ च्या मालिकेत तो बावीसवर आला आणि २०१९ च्या मालिकेत आणखी लहान झाला. चित्रातल्या रुपयावर रुपयाचे नवे चिन्ह आणि फुलांची नक्षी होती, म्हणून तो २०११ च्या मालिकेतला, बावीस मिलिमीटरचा होता. पडद्यावर पट्टी ठेवून मोजले तेव्हा रुपया ६६ मिलिमीटर भरला आणि ‘होन’ ५२. म्हणजे होनाचा खरा व्यास सतरा मिलिमीटरच्या वर जात होता. दोन्ही नाणी एकाच कागदावर सपाट ठेवलेली होती, त्यामुळे जवळ धरल्याने एक मोठे दिसण्याचा प्रश्न नव्हता. तळहातावरच्या चित्रात कड तिरपी दिसत होती आणि तिची जाडी रुंदीच्या सुमारे एकदशांश होती. सतरा मिलिमीटर रुंद आणि पावणेदोन मिलिमीटर जाड अशी सोन्याची चकती साडेसात ग्रॅमच्या आसपास भरेल. तितकीच चकती पितळेची असेल, तर तिचे वजन साडेतीन ग्रॅमच्या खाली राहील. चित्र आणि त्याखालचा मजकूर एकमेकांना खोटे पाडत होते. या हिशेबाला पट्टी आणि गुणाकार एवढेच लागले.

नंतर चौघा साक्षीदारांची आपापसांत उलटतपासणी केली. पहिल्या चित्रात ‘श्री’चे वरचे टोक चकतीबाहेर गेले होते. तळहातावरच्या नाण्यात तेच अक्षर पूर्ण होते आणि भोवती सगळीकडे सारखी मोकळी जागा होती. म्हणजे वस्तू दोन होत्या. पहिल्या दोन चित्रांची पार्श्वभूमी शुभ्र होती, सावली कापलेली होती आणि प्रकाश डाव्या वरच्या बाजूने येत होता. ही लिलावाच्या कॅटलॉगची धाटणी आहे. चित्रावरून चित्र शोधण्याची सोय वापरल्यावर तीच दोन चित्रे एका जुन्या लिलावाच्या यादीत सापडली. कडेवरची लहानशी चीरदेखील त्याच जागी होती. कोणीतरी अस्सल नाण्याचे चित्र उचलून प्रतिकृतीच्या चित्रांपुढे जोडले होते. असे उसने चित्र कधी फिरवलेले, कधी पिवळट केलेले, तर कधी कडेला कातरलेले असते. त्यामुळे शोधयंत्राला ते सापडले नाही म्हणून ते नवे ठरत नाही. देवनागरी अक्षरे असलेले नाणे आरशासारखे उलटवता येत नाही, एवढी मात्र आपल्या लिपीची मदत आहे.

शेवटी पृष्ठभाग. तळहातावरचे चित्र मोठे करून पाहिले तेव्हा अक्षरांच्या कडा वितळलेल्या मेणासारख्या गोल दिसत होत्या आणि मोकळ्या जागेत बारीक खड्डे होते. ठोकून पाडलेल्या नाण्यात अक्षराची भिंत पृष्ठभागाला धारदार मिळते. धातू बाहेरच्या दिशेला सरकल्याच्या बारीक रेषाही कधी दिसतात. साच्यात ओतलेल्या धातूत हवेचे बुडबुडे अडकतात, त्यांचे हे खड्डे होतात. अक्षरांच्या सांदीत हिरवट थरही होता. तो तांब्याचा गंज आहे. चांगल्या सोन्याला तो धरत नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. या खुणा दिसल्या तर उपयोगी पडतात, पण न दिसल्या तर त्यांवरून काही ठरत नाही. पुढे पुढे पाठवत आलेले चित्र प्रत्येक वेळी दाबले जाते आणि बुडबुड्यांचे खड्डे त्यात पुसले जातात. उलट, कॅमेऱ्याची आपोआप होणारी तीक्ष्णता गोल कडांनाही धार आणते. म्हणून मूळ फाइल मागावी, आणि कडेचे तिरप्या प्रकाशातले वेगळे चित्र मागावे. अशी मागणी केल्यावर येणारे मौन हेही एक उत्तर असते. त्यापलीकडे, छायाचित्र नाण्याला खोटे ठरवू शकते. खरे ठरवू शकत नाही. पाचोऱ्याहून सुवर्णनगरी जळगाव तासाभराच्या अंतरावर आहे. तेथल्या सराफाकडचे कॅरेटमीटर सोने किती शुद्ध ते सांगेल. ते सोने शिवकाळात ठोकले की गेल्या दिवाळीत, हे त्याला सांगता येणार नाही. त्यासाठी अस्सल ठशांच्या नोंदींशी अक्षर-अक्षर ताडून पाहणारा नाणेतज्ज्ञच हवा.

‘शेतात सापडले’ या शब्दांचाही विचार करावा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. तेव्हा असा विक्रेता खरे बोलत असेल तर तो गुन्ह्याची कबुली देत असतो, आणि खोटे बोलत असेल तर फसवणुकीची. तरीही ही ओळ मोहक ठरते. मार्च २०२५ मध्ये, ‘छावा’ चित्रपटानंतर, बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी मोगली सोन्याच्या अफवेने लोक रात्री विजेऱ्या घेऊन शेते खणू लागले होते. फारुकींची राजधानी असलेले ते बुऱ्हाणपूर म्हणजे जुना खानदेशच. अशा वातावरणात ‘आमच्या भागात सापडलेला होन’ हे वाक्य पुराव्याची वाट पाहत नाही.

लोभी माणूस फसतो, त्याचे एवढे काय, असा एक युक्तिवाद केला जातो. तो मला मान्य नाही. आमचे मित्र लोभी नव्हते. त्यांना एक पैसाही मिळवायचा नव्हता. तरी ते चित्र छापले गेले असते तर चार वर्षांनी एखाद्या स्थानिक इतिहासाच्या पुस्तकाने स्मरणिकेचा हवाला दिला असता, आणि त्या पुस्तकाचा हवाला एखाद्या प्रबंधाने. लिलावातला होन जेथला होता तेथून उपटून आपण त्याला गिरणाकाठी रुजवले असते. बनावट चित्राचे खरे नुकसान येथे आहे. ग्राहकाचे पैसे एकदा जातात, पण प्रक्षिप्त श्लोक एकदा संहितेत शिरला की तो काढायला पिढ्या लागतात, हे पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. ज्यांच्याकडे हे ज्ञान आहे त्यांनीच ते पोथीपुरते ठेवले, तर स्मरणिकेचे पान तपासणार कोण?

स्मरणिकेत ते चित्र आले नाही. त्या जागी मित्रांनी आपल्या घरातल्या झिजलेल्या तांब्याच्या शिवराईचे चित्र छापले. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवली, आणि वजन व ते कोणाकडून आले हे खाली लिहिले. त्या नाण्याला बाजारात फारशी किंमत नाही. पण त्या पानावर जे लिहिले आहे ते कोणालाही पुन्हा मोजून पाहता येईल.