पट्टा ओढण्याआधी पुली पाहा

हिवरखेडात उन्हाळ्यात ज्यांच्या हॉलचा, दवाखान्याचा किंवा दुकानाचा पॅकेज एसी चालतो, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ब्लोअर सुरू होताना पट्टा किंचाळला, तर त्यावर साबण किंवा राळ लावू नका. आवाज तासाभर थांबतो, पण पट्टा घसरतच राहतो.

पिठाच्या गिरणीवर वावरलेल्या माणसाला पट्टा कळतो. व्ही-पट्टा पुलीच्या खोबणीत पाचरीसारखा अडकतो आणि त्याच्या दोन्ही बाजू पकड घेतात. बाजू झिजल्या की तो खाली उतरून तळाला टेकतो. मग कितीही ओढा, पकड मिळत नाही. उलट बेअरिंगवर ताण येतो.

मागे एका हॉलमध्ये असंच झालं. हवा कमी, कॉइलवर बर्फ, सुरू करताना दहा सेकंद चिरका आवाज. गॅस कमी असेल म्हणून तो आधीच भरून झाला होता. मोटर १४४० फेऱ्यांची, तिची पुली ४ इंची, ब्लोअरची ८ इंची. म्हणजे ब्लोअर ७२०च्या आसपास फिरायला हवा. टॅकोमीटरवर ६४० दिसले. थोडी घट घसरण्याची होती, थोडी पट्टा खोल बसल्याची. फेऱ्या कमी झाल्या की हवाही त्याच प्रमाणात कमी होते. कॉइल गोठण्याचं कारण तेच होतं. पट्ट्याखाली काळी रबरी भुकटी पडली होती आणि मोटरच्या पुलीच्या खोबणीचा तळ आरशासारखा चकाकत होता. तळ चकाकतो याचा अर्थ पट्टा तिथे घासतो. लहान पुलीवर पट्टा जास्त वाकतो आणि ती जास्त फेऱ्या मारते, म्हणून ती आधी जाते. अशा पुलीवर नवा पट्टा चढवला तर तोही लवकरच जातो.

तपासताना आधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवा. या पुलीत बोटं जातात. पट्टा पुलीच्या काठाशी समतल किंवा जरा वर दिसायला हवा. मग दोन्ही पुल्यांच्या तोंडावर दोरी ताणून बघा, ती चारही जागी टेकली पाहिजे. ताण बघायचा तर मधोमध दाबा. दोन पुल्यांत पट्ट्याचं अंतर ५०० मिलिमीटर असेल तर तो सुमारे ८ मिलिमीटर खाली जावा. दाब किती द्यायचा ते पट्टा बनवणाऱ्याच्या तक्त्यात असतं. ते न बघता अंगठ्याच्या अंदाजावर जाऊ नका, कारण प्रत्येकाचा अंगठा वेगळा.

पट्टा बदलताना मोटरचे बोल्ट सैल करून ती पुढे घ्या. स्क्रूड्रायव्हरने काठावरून ओढून चढवलात तर आतली दोरी तुटते, बाहेरून मात्र दिसत नाही. दोन पट्टे असतील तर दोन्ही एकाच वेळी बदला, नाहीतर नवा एकटाच भार उचलतो.

आणि लग्नाच्या आदल्या रात्री नवा पट्टा चढवू नका. चोवीस तास चालल्यावर तो खोबणीत बसतो, सैल होतो, तेव्हा परत ताणावा लागतो. त्यामुळे काम दोन-तीन दिवस आधी उरका.