‘वर्गात शांत असतो’ म्हणजे नक्की काय?

दिवाळीच्या सुट्टीआधी धाकट्या भावाचं प्रगतिपत्रक घरी येतं आणि ते वाचायचं काम तुमच्याकडे येतं. अण्णा एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलेले असतात, आई रानात निघायच्या घाईत असते. कॉलेजात जाणारं घरात कोण, तर तुम्ही. तुम्ही श्रेण्या मोठ्यानं वाचता, खालच्या दोन ओळी वाचता, “बरंय की” म्हणता आणि अण्णा सही करतात. बारामती-इंदापूरकडच्या कितीतरी घरांत प्रगतिपत्रकाचा कार्यक्रम पाच मिनिटांत असा उरकतो.

माझं म्हणणं एवढंच की, पाच मिनिटांऐवजी अर्धा तास द्या. गुरुजींनी जे लिहिलंय आणि घरात जे ऐकलं जातं, ते बऱ्याचदा एक नसतं.

आधी ही ओळ येते कुठून ते बघा. शिक्षणहक्क कायद्यानंतर, 2010 पासून आपल्याकडे पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. गुणांऐवजी श्रेणी आल्या आणि सोबत वर्णनात्मक नोंदी आल्या. नोंदींचे साधारण तीन रकाने असतात : विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. नोंद होता होईल तो सकारात्मक शब्दांत करावी, असा शिक्षकांवर रोख असतो. त्यामागचा हेतू चांगलाच आहे, कारण ‘ढ’ असा शिक्का बसलेली एक पिढी आपण पाहिलेली आहे. पण झालं असं की, काळजीची गोष्टही गोड शब्दांत लिहायची सवय लागली. ‘वाचता येत नाही’चं ‘वाचनात ओघ हवा’ झालं. ‘प्रश्न विचारला तर मान खाली घालतो’चं ‘शांत असतो’ झालं. आपल्या घरात तर शांत पोरगं म्हणजे कौतुकच! आई शेजारच्या काकूंना सांगणार, “आमचा वर्गात आवाजसुद्धा करत नाही.”

आता एक प्रगतिपत्रक घेऊ. समजा, पोरगा सहावीत आहे. विशेष प्रगती : ‘चित्रे छान काढतो. वर्गात शांत असतो.’ सुधारणा आवश्यक : ‘मराठी वाचनात ओघ हवा. गणितात सराव हवा.’ मराठीला ब-2, गणिताला क-2. घरचा निर्णय ठरलेला, पुढच्या महिन्यापासून गणिताची शिकवणी लावायची.

थांबा जरा. क-2 म्हणजे शंभरात 41 ते 50. सहावीला त्यातले निम्मे गुण आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे वर्षभरातल्या तोंडीकामाचे, कृतींचे, स्वाध्यायाचे, छोट्या चाचण्यांचे. निम्मे संकलितचे, म्हणजे सत्राच्या परीक्षेचे. प्रगतिपत्रकावर बहुधा एकच श्रेणी दिसते, पण तिची फोड गुरुजींच्या नोंदवहीत असते आणि ती विचारायला काहीच हरकत नाही. समजा, फोड अशी निघाली : आकारिकमध्ये 50 पैकी 34, संकलितमध्ये 50 पैकी 14. आकारिकमध्येही तोंडीकामात 10 पैकी 9 आणि लेखी चाचणीत 20 पैकी 8. बेरीज 48, श्रेणी क-2. पण या 48 मध्ये दोन वेगळी पोरं लपलेली आहेत. एकाला पाढे येतात, हिशेब तोंडी जमतो. दुसऱ्यापुढे कागद आला की तो अडतो.

मग पुढचा प्रश्न : पेपरात कोरं काय सोडलंय? पेपर बघायला मागा. बेरीज-वजाबाकीची मांडलेली उदाहरणं सोडवलेली असतील आणि शाब्दिक उदाहरणं कोरी असतील, तर घरी एक साधी गोष्ट करून बघा. ‘एका ट्रॉलीत 6 टन ऊस मावतो, तर 54 टनांसाठी किती खेपा लागतील?’ हे कागदावर लिहून त्याला द्या आणि वाचायला सांगा. मग तसंच दुसरं उदाहरण आकडे बदलून तुम्ही वाचून दाखवा. ऐकल्यावर उत्तर आलं आणि वाचताना बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत, जोडाक्षराला अडखळत गेला, तर समजा अडचण गणिताची नाही, वाचनाची आहे. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत ओळीची सुरुवात त्याच्या डोक्यातून गेलेली असते. मराठीचा ‘ओघ हवा’, गणिताचा ‘सराव हवा’ आणि वरचं ‘शांत असतो’ या तिन्ही नोंदी एकच गोष्ट सांगत होत्या. मोठ्यानं वाचायची पाळी येईल म्हणून तो मागच्या बाकावर गप्प बसतो. गणिताच्या शिकवणीचे पैसे इथं पाण्यात गेले असते. त्याला हवं होतं ते दुसरी-तिसरीचं पुस्तक आणि रोज वीस मिनिटं शेजारी बसणारं कुणीतरी. चौथीचं पुस्तक लगेच पुढ्यात टाकू नका; जिथं न अडखळता वाचतो तिथून वर या.

ऐकूनही उत्तर आलं नाही, तर मात्र गणितच कच्चं आहे. भागाकार कधी करायचा हेच त्याला कळलेलं नाही. आणि पुस्तकातून नीट उतरवतो पण फळ्यावरून चुकीचं उतरवतो, असं असेल तर आधी डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, नाहीतर उपजिल्हा रुग्णालय आहेच. सगळं करूनही अक्षरांची उलटापालट वर्षानुवर्षं जात नसेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी तज्ज्ञांकडून करून घ्यावी. तुम्ही-आम्ही घरात बसून ते ठरवू नये.

एक गोष्ट मान्य करायला हवी. प्रत्येक नोंद इतकी बोलकी नसते. एका वर्गात तीस पोरं, आठ विषय, दोन सत्रं धरली तर एका शिक्षकाला 480 नोंदी होतात, आणि तयार नोंदींच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरतात हे काही गुपित नाही. म्हणून आधी ओळखायला शिका. ‘अभ्यासात सातत्य ठेवावे’ ही ओळ कुठल्याही पोराला लागू पडते, तिच्यावर डोकं शिणवू नका. ‘हातच्याची वजाबाकी’, ‘जोडाक्षरे’, ‘मधल्या सुट्टीनंतर’ असा काही नेमका शब्द आला की समजा, गुरुजींनी ती ओळ तुमच्याच पोराकडे बघून लिहिली. गेल्या वर्षीचं प्रगतिपत्रकही शेजारी ठेवा. वेगळ्या बाईंनी तीच तक्रार वेगळ्या शब्दांत केली असेल, तर ती खरी आहे. उपस्थितीचा तक्ता मात्र सगळ्यात आधी बघा. एका महिन्यात निम्मे दिवस गैरहजर असेल, तर ‘लक्ष द्यावे’चा अर्थच बदलतो, शाळेला म्हणून निघालेलं पोरगं कुठं जातंय, तिथून सुरुवात करावी लागते.

पाचवी आणि आठवीला तर हे लांबणीवर टाकू नका. 2023-24 पासून या दोन इयत्तांना पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे. नापास झाल्यास फेरपरीक्षा, आणि तीही गेली तर त्याच वर्गात मुक्काम. ‘आठवीपर्यंत नापास करत नाहीत’ हे अण्णांचं गणित आता जुनं झालं.

शाळेत जाल तेव्हा “पोराचं कसं काय चाललंय?” असं विचारू नका. “चांगलं आहे, थोडा सराव हवा,” असंच उत्तर येईल. विचारा, “सर, सराव हवा म्हणजे नेमका कशाचा? पेपरात कुठं अडला?” आणि दुसरं, “शांत असतो म्हणजे मित्रांतही गप्प असतो, की फक्त प्रश्न विचारल्यावर?” हे ऐकलं की बहुतेक शिक्षक खुर्ची पुढं ओढतात. त्यांना हे सांगायचंच असतं, रकान्यात जागा दोन बोटांची असते. शक्यतो आईला सोबत न्या आणि धाकट्याला बाहेर खेळू द्या, म्हणजे सर मोकळेपणानं बोलतील. पालकांच्या सहीचा रकाना तोवर कोरा राहिला तरी चालतो.