सभागृहाचा नकरा आणि सुतकाची सवलत



सावनेर येथील आपल्या मंदिराच्या प्रार्थना सभागृहासंबंधीचे सुधारित नियम येत्या कार्तिक शुक्ल प्रतिपदेपासून, म्हणजे नव्या वीर निर्वाण संवतासोबत, लागू होत आहेत. तोपर्यंत झालेल्या नोंदींना जुनेच नियम राहतील.

पूर्ण दिवसाचा नकरा ४,१०० रुपये व केवळ सकाळच्या पाठाचा २,१०० रुपये ठरला आहे. अनामत २,००० रुपये असून ती भांडी आणि चटया मोजून झाल्यावर परत मिळेल. विधानाचे मांडणे आदल्या संध्याकाळी काढावे लागते, त्या वेळेचा वेगळा आकार नाही. दशलक्षण पर्वात व तिन्ही अष्टाह्निकांत सभागृह खासगी कार्यासाठी मिळणार नाही. पुण्यस्मरणासारखे कार्य आपण तिथीने करतो, तर वही तारखेने चालते. म्हणून नोंद करताना दोन्ही लिहावीत व पंचांग पाहून खात्री करावी.

नकरा वाढवून मोठी रक्कम का घेतली नाही, असे काही व्यापारी बंधूंनी विचारले. प्राप्तिकर कायद्याखाली नोंदलेल्या धार्मिक न्यासाने सर्वांसाठी खुल्या असलेल्या धर्मस्थानाचा परिसर भाड्याने दिल्यास जीएसटीची माफी आहे. मात्र सभागृहाचा आकार दिवसाला १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक झाला की ती माफी उरत नाही. न्यासाची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीचा प्रश्न येत नाही हे खरे. पण करमाफ उत्पन्नही त्या उलाढालीत धरले जाते, हे हिशेबनीसांनी विसरू नये. शिवाय नकरा परवडत नाही म्हणून एखाद्या घरचे शांतिविधान राहून जावे, हे कोणालाच रुचणार नाही.

नकरा हा दान नव्हे. त्याच्या मोबदल्यात सभागृह मिळते, म्हणून त्याची पावती दानावरील प्राप्तिकर सवलतीसाठी चालत नाही. ‘नकऱ्याऐवजी अकरा हजारांची दानाची पावती फाडा’ असा आग्रह कृपया कोणी धरू नये. स्वेच्छेने दान द्यायचे असल्यास ते वेगळे द्यावे, त्याची पावतीही वेगळीच होईल.

आता नोंद रद्द करण्याविषयी. कार्याच्या पहिल्या दिवसाआधी तीस किंवा अधिक दिवस कळविल्यास पूर्ण नकरा परत मिळेल. त्यानंतर, पण दहाहून अधिक दिवस शिल्लक असताना कळविल्यास अर्धा मिळेल. दहा किंवा त्याहून कमी दिवस उरले असतील तर काही नाही. तोच दिवस दुसऱ्या कुटुंबाने घेतला तर मात्र कापलेली रक्कमही परत होईल, फक्त २०० रुपये वहीखर्च वजा करून. अनामत प्रत्येक वेळी पूर्ण परत मिळते.

समजा, एका कुटुंबाने दोन दिवसांच्या विधानासाठी ८,२०० रुपये नकरा व २,००० रुपये अनामत भरली आणि चौदा दिवस आधी नोंद रद्द केली. त्यांना लगेच ४,१०० व २,००० मिळून ६,१०० रुपये परत मिळतील. पुढे दुसरा दिवस कोणी घेतला, तर त्या दिवसाचे कापलेले २,०५० रुपये, २०० वजा जाता, म्हणजे १,८५० रुपये मिळतील. एकूण परतावा ७,९५० होईल. पहिला दिवस रिकामाच गेल्यामुळे त्याचे २,०५० रुपये न्यासाकडे राहतील. हा दंड नव्हे. हिवाळ्यात एका तारखेवर तीन-तीन घरे डोळा ठेवून असतात. उशिरा कळविले की त्यांतले कोणीही ती तारीख घेऊ शकत नाही.

सुतकाला या कोष्टकातून वगळले आहे. जन्माचे दहा आणि मृत्यूचे बारा दिवस ही आपल्याकडची सर्वसाधारण रूढी. नाते दूरचे असेल तसे दिवस कमी होतात. त्या काळात अभिषेक-पूजन करता येत नाही, म्हणून तो नाइलाज आहे. कार्याच्या सकाळी जरी कळविले, तरी संपूर्ण नकरा परत मिळेल. निरोप शेजाऱ्याने दिला तरी चालेल. कोणताही दाखला मागितला जाणार नाही, घरातील वडीलधाऱ्यांचा शब्द पुरे. याचा गैरफायदा घेतला जाईल, अशी शंका काहींनी बोलून दाखविली. सुतकाचे खोटे कारण सांगणारा आपल्यात निघेल, असे आम्हांस वाटत नाही. आणि निघालाच, तरी शोकाकुल घराकडे कागद मागण्यापेक्षा तेवढे नुकसान सोसलेले बरे.

राहिला प्रश्न मुनिसंघाचा. दिगंबर साधूंचा विहार अनियत असतो, आगमनाची तारीख आधी ठरत नाही. रामटेकहून मुक्तागिरीकडे निघालेला संघ सावनेरला थांबू शकतो, आणि तेव्हा प्रवचनासाठी हेच सभागृह लागते. अशा वेळी खासगी कार्य प्रवचनाची वेळ सोडून पार पाडावे. ते शक्य नसल्यास दुसरी तारीख घ्यावी किंवा सर्व रक्कम परत घ्यावी, निवड कुटुंबाची राहील.

भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपावे, कंदमुळे आणू नयेत, हे जुने नियम कायम आहेत. नोंदवही सकाळच्या अभिषेकानंतर मंदिराच्या कार्यालयात पाहावयास मिळेल.