पर्याय तेच, क्रम बदलला, निदान बदलले?

‘कालपासून छातीत जळजळ होते, डावा हात जरा जड वाटतो. पित्ताची गोळी घेऊ का?’ रुग्णांच्या अशा संदेशांची वर्गवारी भाषिक प्रारूपाकडे, म्हणजे चॅटबॉटमागच्या यंत्रणेकडे सोपवली, तर तिला सूचना द्यावी लागते: संदेश वाच आणि ‘घरगुती काळजी’, ‘दोन दिवसांत तपासणी’ किंवा ‘तातडीने रुग्णालय’ यांपैकी एक पर्याय निवड. या सूचनेला प्रॉम्प्ट म्हणतात. अडचण अशी, की तेच तीन पर्याय उलट्या क्रमाने दिले तर काही संदेशांचे उत्तर बदलते. रुग्णाचा मजकूर मात्र अक्षरानेही बदललेला नसतो.

क्रमाचा हा परिणाम माणसांतही दिसतो. मतचाचण्यांत पर्याय वाचून दाखवले तर शेवटच्याकडे आणि छापून दिले तर पहिल्याकडे कल झुकू शकतो. यंत्राची कारणे वेगळी आहेत. ते पुढचा शब्द कोणता असण्याची शक्यता जास्त, हे ठरवते आणि त्या अंदाजावर आधीच्या सगळ्या मजकुराचा, त्याच्या मांडणीचाही प्रभाव पडतो. टोनी झाओ, एरिक वॉलेस आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये जीपीटी-३ वर केलेल्या अभ्यासात, प्रॉम्प्टच्या शेवटी आलेल्या उदाहरणांचे उत्तरच पुन्हा देण्याकडे प्रारूपाचा ओढा दिसला. पर्यायांना दिलेल्या ‘ए’, ‘बी’ अशा अक्षरांपैकी एखादे प्रारूपाला अधिक ‘आवडते’, हेही नंतरच्या संशोधनात आढळले.

हे तपासायचे कसे? तीन पर्यायांचे सहा क्रम होतात. समजा, २०० जुने संदेश घेतले आणि प्रत्येक संदेश सहाही क्रमांनी विचारला. एकूण १,२०० उत्तरे मिळाली. त्यांत १७० संदेशांचे उत्तर कायम राहिले, ३० चे बदलले. पण हे सगळे बदल क्रमामुळेच झाले असे लगेच म्हणता येत नाही, कारण काही प्रारूपे तोच प्रश्न पुन्हा विचारल्यावरही वेगळे उत्तर देतात. म्हणून एकच क्रम ठेवून तेच संदेश सहा वेळा विचारावेत. त्यात पाचच संदेश डळमळले, तर उरलेल्या फरकाचा संशय क्रमावर घेता येतो.

आता उत्तरे जागेनुसार मोजायची. सहा क्रमांत प्रत्येक पर्याय प्रत्येक जागी दोनदा येतो. उत्तर केवळ मजकुरावर ठरत असेल, तर पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या जागेच्या वाट्याला बरोबर ४००-४०० उत्तरे यायला हवीत. आपल्या कल्पित उदाहरणात ती ३७६, ३८४ आणि ४४० आली, तर यंत्र शेवटच्या पर्यायाकडे झुकते आहे.

शब्दांची चाचणी अधिक जपून करावी लागते. ‘तातडीने रुग्णालय’ऐवजी ‘ताबडतोब रुग्णालय’ लिहिले तर उत्तर बदलायला नको. पण ‘तातडीचे’ऐवजी ‘गंभीर’ लिहिले तर प्रश्नच बदलतो. स्तनातील गाठ गंभीर असू शकते, तरी रात्रीच धावायचे कारण नसते. गंजलेला खिळा पायात घुसणे फारसे गंभीर नसेल, पण धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी थांबून चालत नाही. त्यामुळे दोन्ही शब्दरचना आधी दोन डॉक्टरांना द्याव्यात. त्यांचीही उत्तरे बदलली तर दोष यंत्राचा नाही, प्रश्न संदिग्ध आहे.

एकूण अचूकतेचा आकडा इथे फसवतो. दोन्ही क्रमांत ८६ टक्के उत्तरे बरोबर आली, तरी चुकलेले रुग्ण वेगवेगळे असू शकतात. शिवाय सगळ्या चुका सारख्या नसतात. ‘घरगुती काळजी’ आणि ‘दोन दिवसांत’ यांत हेलकावणाऱ्या संदेशापेक्षा ‘तातडीने’वरून खाली घसरणारा एक संदेश अधिक धोक्याचा. म्हणून बदललेले तीसही संदेश एकेक करून वाचावे लागतात.

क्रम फिरवून सहा उत्तरांतले बहुमत घेतल्याने झुकाव बराच कमी होतो. खर्च मात्र सहापट होतो. अधिक उपयोगी नियम साधा आहे: क्रम बदलताच ज्याचे उत्तर बदलते, तो संदेश माणसाकडे जावा. तरीही एक मर्यादा उरते. सहाही वेळा तेच उत्तर आले म्हणजे ते बरोबर आहे, असे नव्हे. जळजळ आणि जड हात या संदेशाला यंत्र सहा वेळा ठामपणे ‘घरगुती काळजी’ म्हणू शकते. अशी चूक क्रम फिरवून सापडत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी स्वतंत्रपणे वर्गवारी केलेल्या संदेशांशीच ताडून पाहावे लागते.