सामंजस्य करारात तासांचा हिशेब हवा

बी.एड.चा अभ्यासक्रम एनसीटीईच्या 2014च्या नियमावलीने दोन वर्षांचा केला आणि त्यात किमान 20 आठवड्यांचा शालेय अनुभव बंधनकारक झाला. त्यातली मोठी आंतरवासिता 16 आठवड्यांची असते. एवढा काळ बाहेरची माणसे वर्गावर जाणार म्हणजे शाळा आणि महाविद्यालय यांच्यात लेखी करार हवाच. प्रत्यक्षात अनेकदा तो लेटरहेडवरचे चार ओळींचे संमतिपत्र असतो: ‘आमच्या शाळेत आपल्या छात्राध्यापकांना सराव पाठ घेण्यास हरकत नाही.’ पाठ कोणत्या वर्गावर, किती, कोणाच्या देखरेखीखाली, याचा त्यात पत्ता नसतो. त्याचा भुर्दंड वर्गातल्या मुलांना सोसावा लागतो.

करारात सर्वांत आधी तासांचा हिशेब यायला हवा. समजा, शाळेचा पट 800 आहे. हजारापर्यंतच्या पटाला दहाच छात्राध्यापक घेण्याची मर्यादा नियमावलीनेच घातली आहे. त्या दहांपैकी चौघे विज्ञानाचे आहेत. आठवी आणि नववीच्या दोन-दोन तुकड्या धरल्या आणि प्रत्येकीला आठवड्याला विज्ञानाचे सहा तास असले, तर एकूण तास 24. प्रत्येक छात्राध्यापकाला आठवड्याला चार पाठ दिले की 16 तास गेले, आणि विषयशिक्षकाच्या हाती उरले आठ. त्यातही पाठ सुटेसुटे वाटले असतील, तर सोमवारी एकाने ‘प्रकाशाचे परावर्तन’ सुरू करायचे, बुधवारी दुसरीने ‘पेशी’ घ्यायची. घटक चाचणीच्या वेळी मुलांच्या वह्यांत कुठलाच धडा पुरा झालेला नसतो. म्हणून करारात दोन गोष्टी लिहाव्यात. एका विषयाच्या एकतृतीयांशाहून जास्त तास छात्राध्यापकांकडे जाणार नाहीत, आणि एकाला एका तुकडीचा एक सलग घटक मिळेल. वरच्या उदाहरणात त्यामुळे प्रत्येकाला आठवड्याला दोनच पाठ येतात. निरीक्षण आणि समारोप यांसाठी तीन आठवडे सोडले, तरी उरलेल्या 13 आठवड्यांत 26 पाठ होतात. आज घाईत उरकल्या जाणाऱ्या पाठांपेक्षा हे 26 कितीतरी जास्त शिकवतील.

दुसरी बाब बदली तासांची. शिक्षक रजेवर गेला की मोकळा दिसणारा छात्राध्यापक वर्गावर धाडण्याचा मोह मुख्याध्यापकांना आवरत नाही. शिक्षकांची पदे रिकामी असताना त्यांची अडचण खरी असते. पण पाठाचे टाचण नाही, मागे कोणी बसलेले नाही, असा तास म्हणजे मुले गप्प बसवणे. त्यातून छात्राध्यापक तेवढेच शिकतो. ‘विषयशिक्षकाच्या किंवा मार्गदर्शक शिक्षकाच्या उपस्थितीशिवाय छात्राध्यापक वर्गावर जाणार नाही’ हे वाक्य करारात स्पष्ट हवे. शिक्षणहक्क कायद्याच्या 17व्या कलमातील शारीरिक शिक्षेची आणि मानसिक छळाची बंदी छात्राध्यापकालाही लागू राहील, हेही त्यालाच जोडून यावे.

शाळेने मार्गदर्शक शिक्षक द्यायचा, तर त्याचा वेळही मोजला पाहिजे. आठवड्याला दोन तास त्याच्या वेळापत्रकातून कमी करावेत आणि पाठानंतर त्याच दिवशी त्याने पाठनिरीक्षण वहीत शेरा लिहावा. हे काम झाले की नाही, हे वही उघडताच कळते. दहा पाठांखाली एकाच शाईत, एकाच वळणात ‘छान, फळ्यावरील लेखन सुधारावे’ आणि खाली सही असेल, तर ती सारी वही शेवटच्या दिवशी भरलेली असते. महाविद्यालयाच्या प्राध्यापकाने आठवड्यातून एकदा शाळेत येऊन पाठ पूर्ण पाहावा. नुसती हजेरी घेऊन परतू नये. मोबदला म्हणून महाविद्यालयाचे ग्रंथालय शाळेच्या शिक्षकांना वर्षभर खुले ठेवता येईल.

फेरआढाव्याचे कलम बहुतेक करारांत असते, पण ‘आवश्यकतेनुसार’ या शब्दावर थांबते. ती आवश्यकता कोणालाच कधी वाटत नाही. त्याऐवजी चौथ्या आणि दहाव्या आठवड्यानंतरच्या तारखा करार करतानाच लिहाव्यात. बैठकीला मुख्याध्यापक, प्राचार्य, एक मार्गदर्शक शिक्षक आणि एक छात्राध्यापक असावेत. टेबलावर तीन कागद पुरेत: बदली तासांची वही, पाठनिरीक्षण वही आणि त्या तुकड्यांचे घटक चाचणीचे गुण. पहिल्या वहीत छात्राध्यापकाचे नाव आढळले, तर करार मोडला आहे. गुण घसरले असतील, तर तो घटक विषयशिक्षकाने पुन्हा घ्यावा आणि त्यासाठीचे तास छात्राध्यापकांच्या वाट्यातून वजा व्हावेत. निर्णय त्याच बैठकीत लिहून दोन्ही पक्षांनी सह्या कराव्यात.

कराराची मुदत एका शैक्षणिक वर्षाची ठेवावी. कोणत्याही पक्षाला तो संपवायचा असेल, तर नोटीस देता यावी. मात्र छात्राध्यापकांच्या चालू तुकडीचे 16 आठवडे पुरे झाल्यावरच ती लागू व्हावी. नाहीतर दोन संस्थांच्या भांडणात परीक्षेच्या तोंडावर दहा छात्राध्यापकांना दुसरी शाळा शोधत फिरावे लागते.

– एक निवृत्त मुख्याध्यापक