बाथरूमखालचं तळं

गेल्या रविवारी खालच्या काकू जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, "अरे, तुमचं पाणी आमच्या देवघरावर पडतंय." आता आम्ही आठ दिवस नागपूरला होतो, घरचा मेन कॉक बंद होता, बाथरूममध्ये एक तांब्या सांडलेला नाही. मग पाणी आलं कुठून?

उत्तर आहे सन्कन स्लॅब. आमची सोसायटी मार्केट यार्डाच्या मागे, चाळीसेक वर्षांची, लिफ्ट नसलेली. मोठ्या बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा फूटभर खाली आहे. त्या खड्ड्यात पाइप टाकायचे, वर विटांचे तुकडे भरायचे आणि वर फरशी, म्हणजे बाथरूमची जमीन घराच्या लेव्हलला येते. दिसायला छान! पण फरशीचे सांधे आणि नहाणी ट्रॅपची कड यांतून थोडं पाणी खाली जातंच. खड्ड्याला चारी बाजूंनी काँक्रीट, बाहेर जायला वाट नाही. सात बाय पाच फुटांचा, फूटभर खोल खड्डा म्हणजे जवळजवळ हजार लिटर. त्यातली पाव जागा जरी पोकळ धरली तरी अडीचशे लिटर पाणी तुमच्या पायाखाली मुकाट बसतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना मेमरी लीक म्हटलं की लगेच कळतं, इथे मात्र बिल्डरने "सन्क दिलाय साहेब" म्हटलं की आपण खूश.

ओळखायची पद्धत सोपी आहे. कॉक बंद केल्यावर थोड्या वेळात थेंब थांबले तर दोष नळाच्या लाइनचा. फक्त अंघोळीनंतर थेंब वाढत असतील तर ट्रॅपच्या जोडाचा. आणि आठवडाभर घर बंद असूनही थेंब चालूच, तर खड्डा भरलाय. अशा वेळी फरशीच्या सांध्यांत केमिकल भरून देणारा माणूस (आमच्याकडे दोनदा येऊन गेला, दोनदा पैसे घेऊन) फक्त झाकण लावतो. आतलं पाणी आतच राहतं.

आता दुसरी बाजू. आमचं छोटं बाथरूम जुन्या पद्धतीचं, स्लॅब सरळ आणि जमीन सहा इंच उचललेली. एक पायरी चढून जायचं. सगळे हसतात, "हे काय चाळीतल्यासारखं!" पण तिथला ट्रॅप फुटला तेव्हा पंधरा दिवसांत आमच्याच बेडरूमच्या स्कर्टिंगवर पोपडे आले. कारण पाणी सपाट स्लॅबवर आडवं पसरतं आणि बरंचसं आधी आपल्याच घरात निघतं. माझा मुख्य मुद्दा हाच आहे. उचललेल्या जमिनीत चूक तुमची असेल तर शिक्षाही बहुधा तुम्हालाच. सन्कमध्ये चूक तुमची आणि शिक्षा काकूंच्या देवघराला. म्हणून तर सन्क लोकांना आवडतो!

"पण पाइपला उतार मिळत नाही," असं प्लंबर म्हणतो. फुटाला एक सूत उतार पुरतो, म्हणजे पाच फुटांना पाच सूत, पाऊण इंचही नाही. कमोड मागून, भिंतीतून पाइप काढणारा घेतला आणि डक्टच्या भिंतीला लावला तर त्याला खड्डा लागतच नाही. खोली लागते ती फक्त नहाणी ट्रॅपला, आणि तीही सहा-सात इंचांत बसते. हां, कमोड डक्टपासून लांब असेल तर हे गणित बिघडतं. आणि घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर ती पायरी खरंच त्रासाची आहे, ते मान्य. शिवाय दाराखाली काँक्रीटची पट्टी हवी आणि वॉटरप्रूफिंग भिंतीवर फूटभर चढवायला हवं, नाहीतर पाणी सरळ बेडरूममध्ये.

आमचा खड्डा मात्र होताच, तो काही वर उचलता येत नाही. मग उकरला. दीड टनाच्या आसपास ओलं राबिट, साठेक गोण्या, तीन जिने. मार्केट यार्डात राहून गोणी उचलणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. रिकाम्या खड्ड्याच्या तळाला एका कोपऱ्याकडे उतार दिला, वॉटरप्रूफिंग केलं, आणि त्या कोपऱ्यातून एक इंची पाइप भिंतीपार डक्टमध्ये मोकळा सोडला. मिस्त्री तो ड्रेनेजलाच जोडत होता. अजिबात नाही! मग झुरळं आणि वास आत येणार, आणि लाइन तुंबली तर मैला उलटा खड्ड्यात. नंतर पाइपला बूच मारून दोन दिवस पाणी भरून ठेवलं. काकूंनी रोज सकाळी छत बघून "कोरडं" असं ओरडून सांगितलं, तेव्हाच भराव टाकू दिला.

बूच काढायला मिस्त्री विसरला होता. मीच शिडीवर चढून काढलं. आता डक्टच्या खिडकीतून तो पाइप दिसतो, आणि दात घासताना माझी नजर त्याच्या तोंडाकडे जाते.