डिस्क बहुधा शाबूत असते

लग्नसराई आटोपली की कन्नडमधल्या फोटो स्टुडिओंतून हार्ड डिस्क घरोघरी जायला लागतात. पूर्वी अल्बमसोबत डीव्हीडी मिळायची. आता खिशात मावेल अशी एक टेराबाइटची डिस्क मिळते आणि हळदीपासून वरातीपर्यंत सगळे तिच्यातच असते. घरात लॅपटॉप असेलच असे नाही. पुण्याहून आलेल्या मुलाच्या हातात आयफोन मात्र असतो. केबल लावली जाते, सगळे भोवती जमतात आणि पडद्यावर काहीच येत नाही. मग डिस्क खराब निघाली, स्टुडिओवाल्याने टोपी घातली, अशी चर्चा सुरू होते. कोणी तरी ती डिस्क घेऊन साठेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला, डेटा काढून देणाऱ्या दुकानाची वाट धरतो. ही खेप बहुतेक वेळा फुकट जाते, कारण डिस्क शाबूत असते. अडलेले असते दोनांपैकी एका गोष्टीवर. एक तर डिस्कची मांडणी फोनला वाचता येत नाही, नाही तर डिस्कला पुरेशी वीज मिळत नाही. कधी कधी दोन्ही एकदम होते.

आधी मांडणीचे पाहू. फॉरमॅट हा शब्द आपण फक्त ‘पुसणे’ या अर्थाने वापरतो, पण मुळात तो डिस्कवरचा गाव नकाशा आहे. कोणती फाइल कुठल्या गटात, तिची हद्द कुठवर, हे त्यात लिहिलेले असते. जमीन जागेवर असली तरी नकाशाची लिपी येत नसेल तर तलाठीही हात टेकेल. आयफोन आणि आयपॅडला बाहेरची डिस्क वाचण्याची सोय मिळाली ती 2019 मध्ये, आयओएस 13 सोबत. Files नावाच्या अ‍ॅपमध्ये ती डिस्क दिसू लागली. अ‍ॅपलने त्यासाठी मान्य केलेल्या मांडण्या मोजक्या आहेत. त्यांत स्वतःच्या APFS आणि जुन्या HFS+ या दोन, आणि सर्वांच्या ओळखीच्या FAT, FAT32 व exFAT या तीन. विंडोजची घरची मांडणी NTFS या यादीत नाही. स्टुडिओतले एडिटिंग बहुतेक विंडोज संगणकांवर होते, तिथे डिस्क सहज NTFS मध्ये तयार केली जाते, आणि घोळ तिथेच सुरू होतो. काही फोनवर NTFS डिस्क दिसते आणि फाइल उघडतेही, पण तिच्यात नवे काही ठेवता येत नाही. ही सोय यादीबाहेरची असल्यामुळे तिच्या भरवशावर राहू नये.

मग FAT32 घ्यावी का? ती सगळीकडे चालते, पण तिच्यात एकच फाइल 4 जीबीपेक्षा मोठी मावत नाही. आयफोनवर 4के चित्रण 30 फ्रेमने केले, तर अ‍ॅपलच्याच हिशेबाने मिनिटाला सुमारे 170 एमबी जागा लागते. म्हणजे सलग चोवीस-पंचवीस मिनिटांच्या चित्रणातच ती मर्यादा गाठली जाते. लग्नाचा पूर्ण चित्रपट तर याच्या कितीतरी पट मोठा असतो. अशा वेळी पेनड्राइव्हवर साठ जीबी रिकामे दिसत असूनही फाइल जात नाही आणि माणूस चक्रावतो. उरते exFAT. विंडोज, मॅक आणि आयफोन तिघेही ती वाचतात, तिच्यावर लिहितात आणि 4 जीबीचे बंधनही नाही. डिस्क फोनला लावायची असेल तर दुसरा विचार करण्याची गरज नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी दोन अटी आहेत, त्या लवकर विसरल्या जातात. डिस्कवर माहितीचा एकच विभाग असावा; स्टुडिओने तिचे दोन-तीन ड्राइव्ह पाडले असतील तर आयफोनकडून अपेक्षा करू नये. आणि विंडोजचे बिटलॉकर कुलूप लावलेले असेल तर ते आयफोनला उघडता येत नाही.

आता विजेचे. 2023 च्या आयफोन 15 पासून फोनला यूएसबी-सी पोर्ट आले आणि अडॅप्टरची कटकट पुष्कळ कमी झाली, पण विजेची मर्यादा राहिलीच. हा फोन बाहेरच्या उपकरणाला जास्तीत जास्त 4.5 वॉट देतो. पेनड्राइव्हला याहून खूप कमी पुरते आणि लहान एसएसडी बहुधा यात भागवते. फिरत्या तबकड्यांच्या जुन्या धाटणीच्या डिस्कचे तसे नाही. एकदा वेग घेतला की तिला फार वीज लागत नाही, मात्र तबकडी जागची हलवताना बऱ्याच डिस्क पाच वॉटच्या आसपास मागतात. बैलगाडी सुरू करताना लागतो तसा हा पहिला जोर. तेवढा मिळाला नाही की डिस्क टकटक करते, दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. जबरदस्तीने तसेच चालू ठेवणे डिस्कच्या दृष्टीने बरे नव्हे.

आयफोन 14 पर्यंतच्या फोनमध्ये लाइटनिंग पोर्ट आहे आणि तिथून मिळणारी वीज आणखीच तुटपुंजी. त्या फोनला अ‍ॅपलचा लाइटनिंग ते यूएसबी 3 कॅमेरा अडॅप्टर लागतो. त्याच्या बाजूला चार्जर जोडायला दुसरे छिद्र असते. ते शोभेचे नाही. हार्ड डिस्क चालवायची तर त्यात चार्जर लावावाच लागतो. बाजारात दीड-दोनशे रुपयांत मिळणाऱ्या ओटीजीत हे छिद्र अनेकदा नसतेच. त्यावर पेनड्राइव्ह चालला म्हणून डिस्कही चालेल असे समजू नये.

सी पोर्टच्या फोनसाठी उपाय म्हणजे वीज आत घेणारा हब. फोन एका टोकाला, डिस्क हबला आणि हबच्या चार्जिंगच्या तोंडात फोनचाच 20 वॉटचा चार्जर. आपल्याकडे इथे एक वेगळीच अडचण येते. फाइल जात असताना लाईट गेली तर हब बंद पडतो आणि डिस्क अर्ध्यावर तुटते. exFAT मध्ये अशा धक्क्यातून सावरण्याची नोंदवही नसते, त्यामुळे मांडणी बिघडू शकते. म्हणून हबला भिंतीच्या चार्जरऐवजी सी पोर्टची चांगली पॉवर बँक लावणे तालुक्याच्या गावात जास्त शहाणपणाचे. तरीही बिघाड झालाच, तर विंडोज संगणकावर डिस्क लावून तिची दुरुस्ती करता येते. डिस्कला E हे अक्षर मिळाले असेल, तर आज्ञा अशी:

```
chkdsk E: /f
```

अडचण मांडणीची की विजेची, हे ओळखायला फार विद्या लागत नाही. आधी फोन अनलॉक करून मगच केबल लावावी. फोन बराच वेळ कुलूपबंद असेल तर सुरक्षेसाठी तो बाहेरच्या उपकरणाला दारातच थांबवतो. मग त्याच अडॅप्टरला एखादा चालू पेनड्राइव्ह लावावा. तो Files मध्ये दिसला तर अडॅप्टर आणि पोर्ट दोन्ही ठीक. त्यानंतर डिस्क लावून कान द्यावा. दिवा स्थिर असेल, मंद घरघर एकसारखी येत असेल आणि तरी Files मध्ये नाव नसेल, तर दोष मांडणीचा. दिवा लुकलुकत असेल, टकटक असेल किंवा उपकरण फार वीज मागते अशा अर्थाची सूचना पडद्यावर आली असेल, तर दोष विजेचा. सी ते सी केबलही एकदा बदलून पाहावी, कारण काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात आणि त्यांतून माहिती जातच नाही.

एक उदाहरण पूर्ण चालवून पाहू. समजा, 1 टेराबाइटची तबकडीवाली डिस्क आहे, आत 180 जीबीचा ऐवज, त्यातली मुख्य फिल्म 38 जीबीची. फोन आयफोन 15. डिस्क लावली, टकटक झाली. पॉवर बँक लावलेल्या हबवर घेतली, घरघर सुरू झाली, पण नाव दिसेना. म्हणजे इथे दोन्ही दोष होते आणि पहिला मिटल्यावर दुसरा उघडा पडला. आता ओळखीच्या कोणाच्या विंडोज लॅपटॉपवर डिस्क लावायची, तिच्यावर राइट-क्लिक करून Properties उघडायचे. File system समोर NTFS लिहिलेले दिसले की निदान पक्के.

यानंतरची पायरी घाईची नाही. मांडणी बदलणे म्हणजे डिस्क पुसणे. आधी ते 180 जीबी लॅपटॉपवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवायचे. सेकंदाला शंभर एमबीच्या वेगाने जेमतेम अर्धा तास लागतो. चार-दोन फाइल उघडून, शेवटपर्यंत चालवून पाहायच्या. मगच Format मध्ये exFAT निवडायचे आणि सगळे परत भरायचे. फोनवर आयओएस 18 किंवा पुढचे असेल तर ही पुसापुशी Files मधूनही होते, म्हणून तिथे बोट जपून ठेवावे.

डिस्क दिसू लागली तरी मुख्य फिल्म फोनमध्ये उतरवायला धीर लागतो. साध्या आयफोन 15 चे पोर्ट दिसायला नवे असले तरी वेग जुन्या यूएसबी 2 चाच आहे, म्हणजे 38 जीबीला पंधरा-वीस मिनिटे. त्याच वर्षीच्या प्रो फोनचे पोर्ट बरेच वेगवान आहे. तिथे अडसर डिस्कच्याच वेगाचा राहतो. प्रगतीचे वर्तुळ पूर्ण होईपर्यंत केबलला हात लावू नये. आणि फाइल दिसूनही चालत नसेल, तर ती बहुधा एमकेव्ही किंवा एव्हीआय प्रकारची असते. तो प्रश्न डिस्कचा नाही. व्हीएलसीसारख्या अ‍ॅपमध्ये ती उघडते.

या सगळ्यात अ‍ॅपलला एक बोल लावावाच लागेल. विजेची कमतरता असली तर फोन निदान सूचना तरी देतो, पण मांडणी ओळखीची नसली तर बहुधा मौन पाळतो. ‘ही डिस्क NTFS आहे, मला जमत नाही’ एवढे एक वाक्य पडद्यावर आले असते, तर कित्येकांची शहरापर्यंतची खेप वाचली असती.

स्टुडिओवाल्यांना विनंती एवढीच की डिस्क exFAT करून द्यावी आणि खोक्यावर तसे लिहावे. जमल्यास तबकडीच्या डिस्कऐवजी छोटी एसएसडी सुचवावी. आणि ग्राहकाने हिशेब चुकता करण्याआधी आपला फोन, आपला अडॅप्टर काढून डिस्क काउंटरवरच लावून बघावी.